निकालपत्राचा सारांश: हकीकत वेगळी, कारणमीमांसा वेगळी

मराठीतून कायदा शिकवण्याचा विषय निघाला की चर्चा थेट शब्दांवर जाऊन बसते. एक बाजू म्हणते, 'रिट' नको, 'प्राधिलेख' म्हणा. दुसरी म्हणते, असले शब्द विद्यार्थ्याच्या तोंडी कधीच बसणार नाहीत, इंग्रजी शब्दच देवनागरीत लिहा. २०१९ पासून सर्वोच्च न्यायालयाच्या निवडक निकालांचे मराठी अनुवाद मिळू लागले, तेव्हापासून तर हा वाद आणखी तापला आहे. मला वाटतं, तो चुकीच्या जागी चालला आहे. 'रिट' म्हणजे काय हे विद्यार्थ्याला दहा मिनिटांत समजावता येतं. त्याची खरी अडचण होते ती पक्षकाराची हकीकत, वकिलाचा युक्तिवाद आणि न्यायालयाने दिलेलं कारण एकाच ओघात वाहत येतं तेव्हा. शब्द कितीही सोपे असोत, असा सारांश वाचून त्याला गोष्ट कळते, कायदा कळत नाही. म्हणून माझं म्हणणं असं आहे: इंग्रजी निकालपत्राचा मराठी सारांश विद्यार्थ्यांसाठी लिहायचा असेल, तर पार्श्वभूमीची हकीकत आणि न्यायालयाची कारणमीमांसा कागदावर वेगळ्या ठेवल्या पाहिजेत, स्वतंत्र मथळ्यांखाली, आणि एका भागातलं वाक्य दुसऱ्या भागात शिरू देता कामा नये.

'निकाल' या आपल्या शब्दातच गोंधळाचं बी आहे. 'निकाल काय लागला?' असं आपण विचारतो तेव्हा कोण जिंकलं हे विचारत असतो. 'निकाल वाचला का?' असं विचारतो तेव्हा शंभर पानांचा दस्तऐवज डोळ्यांसमोर असतो. आणि 'त्या निकालाने असं ठरलं' म्हणतो तेव्हा पुढच्या खटल्यांना लागू होणारं तत्त्व मनात असतं. तीन वेगळ्या वस्तू, शब्द एक. इंग्रजी निकालपत्र वाचणाऱ्याला हा फरक सवयीने जपता येतो. मराठीत लिहिताना तो मुद्दाम जपावा लागतो.

ऑल्गा टेलिस विरुद्ध मुंबई महानगरपालिका हाच खटला घेऊ. १० जुलै १९८५ चा, पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाचा, सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांनी लिहिलेला निकाल. महाराष्ट्रातल्या विधी महाविद्यालयांत तो शिकवला जातोच, आणि त्याचे जे मराठी सारांश माझ्या हाती येतात त्यांचा सूर जवळजवळ एकच असतो: मुंबईत पोटासाठी आलेले गरीब लोक फुटपाथवर राहत होते, सरकारने भर पावसाळ्यात त्यांना हाकलायचं ठरवलं, त्यांनी न्यायालयात दाद मागितली, आणि उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्यामुळे कोणालाही उपजीविकेपासून वंचित करता येणार नाही असं न्यायालयाने सांगून फुटपाथवासीयांना न्याय दिला. वाचायला छान वाटतं. पण हा सारांश पाठ करून परीक्षेला गेलेल्या विद्यार्थ्याला विचारा, 'मग त्या झोपड्या राहिल्या का?' तो हो म्हणेल. प्रत्यक्षात न्यायालयाने झोपड्या हटवायला मनाई केली नाही. पावसाळा संपून महिना होईपर्यंत, म्हणजे ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, थांबा एवढंच सांगितलं. मूळ तक्रारीत याचिकाकर्ते हरले, आणि तरीही भारतीय घटनात्मक कायद्याला एक मोठं तत्त्व देऊन गेले. हे दोन्ही एकाच वेळी खरं कसं, हाच तर या निकालाचा अभ्यास आहे.

चूक कुठे झाली? निकालपत्राची सुरुवातच विलक्षण आहे. याचिका लाखो लोकांची दशा मांडतात, हे लोक शहराच्या जवळपास निम्म्या लोकसंख्येएवढे आहेत, असं सांगून सरन्यायाधीश फुटपाथवरच्या जिण्याचं असं चित्र काढतात की वाचणारा हादरतो. पुढे सेलमहून १९६१ मध्ये आलेल्या एका मजुराची कहाणी येते. रासायनिक कारखान्यात रोज २३ रुपये मजुरी. वेस्टर्न एक्सप्रेस हायवेच्या फुटपाथवर प्लास्टिक आणि कॅनव्हासचा आडोसा, त्यासाठी झोपडीदादाला मोजलेले अडीच हजार रुपये. १३ जुलै १९८१ रोजी मुख्यमंत्री बॅ. अंतुले यांनी फुटपाथवासीयांना हटवून त्यांच्या मूळ गावी धाडण्याची घोषणा केली. २३ जुलैला या मजुराची झोपडी पाडली गेली, बायको आणि तीन मुलींसह त्याला सेलमच्या बसमध्ये बसवण्यात आलं. कुटुंब गावी राहिलं, तो कामासाठी परत आला आणि पुन्हा फुटपाथवरच राहू लागला. ही माहिती याचिकाकर्त्यांच्या कथनातली आहे. सारांश लिहिणारा या कहाणीने भारावतो, आणि मग पानोपानी येणारी न्यायालयाची वाक्यंही त्याला त्याच सुरात ऐकू येतात. राज्यघटना जीवित हिरावण्यावर सरसकट बंदी घालत नाही, हे कारणमीमांसेतलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य त्याच्या कानावरून निघून जातं, कारण कहाणीच्या शेवटाशी ते जुळत नाही.

आता कारणमीमांसा तेवढी वेगळी काढून बघू. पहिली पायरी अडसर दूर करण्याची. याआधी मुंबई उच्च न्यायालयात याचिकाकर्त्यांच्या वतीने कबुली दिली गेली होती की फुटपाथवर झोपडी बांधण्याचा मूलभूत हक्क आम्ही सांगत नाही आणि १५ ऑक्टोबर १९८१ नंतर पाडायला आडवे येणार नाही. महापालिका म्हणाली, आता तोंड फिरवता येणार नाही. न्यायालयाने हे अमान्य केलं: मूलभूत हक्क व्यक्तीच्या सोयीसाठी नाहीत, त्यांमागे सार्वजनिक हेतू आहे, त्यामुळे कबुली देऊन ते सोडता येत नाहीत. दुसरी पायरी प्रसिद्ध आहे. अनुच्छेद २१ मधल्या 'जीवित' या शब्दात उपजीविका येते, कारण जगण्याचं साधन काढून घेणं हाच माणसाचं जगणं काढून घेण्याचा सर्वांत सोपा मार्ग आहे. तिसरी पायरी: या लोकांना जागेवरून हटवलं तर त्यांची उपजीविका जाईल. चौथी पायरी, जिच्यावर सगळे सारांश घसरतात: अनुच्छेद २१ कायद्याने ठरवलेल्या कार्यपद्धतीने वंचित करायला मुभा देतो, फक्त ती कार्यपद्धती न्याय्य आणि वाजवी हवी. म्हणजे उपजीविकेचा हक्क मान्य झाल्यावर प्रश्न संपत नाही, तिथून सुरू होतो. पाचवी पायरी कलम ३१४ ची.

या पाचव्या पायरीवर थांबायला हवं, कारण इथे भाषेचाही कस लागतो. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ चं कलम ३१४ आयुक्ताला रस्त्यावरची अतिक्रमणं नोटीस न देता काढून टाकण्याचा अधिकार देतं. याचिकाकर्ते म्हणाले, नोटीसच नाही तर कार्यपद्धती वाजवी कशी? न्यायालयाने कलम रद्द केलं नाही. ते म्हणालं, हे कलम मुभा देतं, हुकूम देत नाही. नोटीस न देता काढता येईल आणि नोटीस देऊ नये, यांत फरक आहे. मराठीत 'येईल' आणि 'नये' या दोन क्रियारूपांत तो किती लख्ख दिसतो! आयुक्ताने सर्वसाधारणपणे ऐकून घ्यायचं, तातडीचं कारण असेल तरच ते टाळायचं, अशा अर्थाने कलम वाचलं की ते घटनेत बसतं. 'नोटीस देणं बंधनकारक आहे असं न्यायालयाने ठरवलं' हे सारांशातलं नेहमीचं वाक्य त्यामुळे अपुरं आहे, आणि 'कलम ३१४ नुसार नोटिशीची गरज नाही' हे तर सरळ चूक आहे. दुसरं वाक्य महापालिकेचा युक्तिवाद होता. तो न्यायालयाच्या तोंडी कसा गेला? इंग्रजीतल्या कर्मणी वाक्यातून, ज्यात 'असं प्रतिपादन करण्यात आलं' एवढंच असतं आणि कोणी केलं हे आधीच्या परिच्छेदात राहून गेलेलं असतं. सारांश करताना 'प्रतिपादन करण्यात आलं' गळतं आणि उरतं ते न्यायालयाचं मत वाटू लागतं.

सहावी पायरी अनेक वाचकांना धक्का देते. झोपड्या पाडण्यापूर्वी लोकांना ऐकून घ्यायला हवं होतं हे मान्य करूनही न्यायालयाने प्रकरण आयुक्तांकडे परत पाठवलं नाही. एरवी तसंच केलं असतं, असं त्याने नमूद केलं. पण आयुक्तांनी नाकारलेली संधी आम्हीच भरपूर दिली आहे, दोन्ही बाजू आमच्यासमोर सविस्तर मांडल्या गेल्या आहेत, आणि फुटपाथ हे चालणाऱ्यांसाठी असतात, तिथली अतिक्रमणं काढण्याचा निर्णय अवाजवी म्हणता येत नाही. हे पटो न पटो. मला स्वतःला ते पुरतं पटत नाही. घटनापीठापुढचे ज्येष्ठ वकील आणि वॉर्ड ऑफिसात उभा राहिलेला झोपडीवाला यांना मिळणारी सुनावणी एकच कशी मानायची? पण हा आक्षेप घेता येतो तो पायरी वेगळी दिसली म्हणूनच. कहाणीत मिसळलेल्या सारांशात टीकेला पकडायला जागाच नसते.

आता विरोधी मुद्दे. त्यांतला सर्वांत बळकट मुद्दा असा की हकीकत आणि कायदा वेगळे करताच येत नाहीत. आर्थर गुडहार्ट यांनी १९३० मध्येच मांडलं होतं की निकालाचा बंधनकारक भाग, ज्याला वर्गात आपण 'रेशिओ' म्हणतो, न्यायाधीशाने महत्त्वाच्या मानलेल्या वस्तुस्थितीवरून ठरतो. मग हकीकत बाजूला काढली तर रेशिओ हवेत लटकणार नाही का? मुद्दा खरा आहे आणि मी तो मान्य करतो. वरची तिसरी पायरीच बघा: हटवलं तर उपजीविका जाईल, हा वस्तुस्थितीचाच निष्कर्ष आहे. न्यायालयाने प्रत्येक कुटुंबाचा वेगळा पुरावा मागितला नाही. कामाच्या जागेजवळ राहिल्याशिवाय या लोकांना काम टिकवता येत नाही, रोजच्या प्रवासाचा खर्च आणि वेळ झेपत नाही, हे सर्वसामान्य अनुभवावरून आणि उपलब्ध अभ्यासांवरून मान्य केलं. ही वस्तुस्थिती काढली तर दुसऱ्या आणि चौथ्या पायरीला जोडणारा सांधाच निखळतो.

पण याच मुद्द्यातून माझं म्हणणं अधिक पक्कं होतं. गुडहार्ट सगळ्या वस्तुस्थितीबद्दल बोलत नव्हते, महत्त्वाच्या मानलेल्या वस्तुस्थितीबद्दल बोलत होते. सेलम महत्त्वाचं आहे का? नाही, माणूस सोलापूरहून आला असता तरी काही बदललं नसतं. २३ रुपये मजुरी? नाही. झोपडीदादाला दिलेले अडीच हजार? मन हलवणारा तपशील, पण कारणमीमांसेच्या एकाही पायरीवर तो उभा नाही. फुटपाथ? हो, कारण ती सार्वजनिक जागा आहे आणि कलम ३१४ त्यामुळेच लागू होतं. राहण्याच्या जागेवर काम अवलंबून असणं? हो. म्हणजे हकीकतीच्या भागातून निवडून थोडीच वस्तुस्थिती कारणमीमांसेच्या दारापर्यंत न्यायची, आणि नेताना तिचं नावगाव काढून टाकायचं: 'सार्वजनिक रस्त्यावर राहणारी, आणि हटवल्यास उपजीविका गमावणारी व्यक्ती'. मी विद्यार्थ्यांना या दोन भागांच्या मध्ये चारपाच ओळींची जागा सोडायला सांगतो, तिला 'निर्णायक वस्तुस्थिती' म्हणतो. त्या ओळी लिहिताना जी ओढाताण होते, हे ठेवू की वगळू, किती व्यापक शब्दांत लिहू, तीच निकाल वाचण्याची खरी तालीम. एकसलग कहाणी लिहिणाऱ्याला ही ओढाताण करावीच लागत नाही.

दुसरा आक्षेप शिकवणाऱ्यांकडून येतो आणि तो कळकळीचा असतो. गावातून आलेला, पहिल्या पिढीतला विद्यार्थी कलमांनी घाबरतो, गोष्टीने जवळ येतो. गोष्ट तोडू नका. मी गोष्ट तोडत नाही, तिला तिची जागा देतो. हकीकतीचा भाग रसाळ लिहा, हवं तर पानभर लिहा. त्या मजुराची बस लिहा. फक्त त्यात एकही 'न्यायालयाने ठरवलं' नको, आणि कारणमीमांसेत एकही 'बिचारे' नको. शिवाय हा विद्यार्थी उद्या तालुका न्यायालयात उभा राहणार आहे, जिथे निकाल मराठीत लिहिले जातात. त्या निकालांत 'मुद्दे' आणि 'निष्कर्ष' यांचा तक्ता असतो आणि त्याखाली 'कारणमीमांसा' हा मथळा. दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश २०, नियम ४ हेच मागतो: खटल्याची संक्षिप्त हकीकत, निर्णयासाठीचे मुद्दे, त्यांवरचा निर्णय आणि त्याची कारणं. जे साचेबंद रूप आपल्या कनिष्ठ न्यायालयांनी मराठीत रुळवलं, ते सोडून आपण वर्गात गोष्टीचा साचा का पत्करावा?

मराठीला हे परकंही नाही. पेशवेकालीन निवाडपत्रं पाहा. अग्रवादीची, म्हणजे वादीची, तकरीर वेगळी, पश्चिमवादीची, म्हणजे प्रतिवादीची, तकरीर वेगळी, पुढे साक्षीपुरावा, शेवटी निवाडा. त्या निवाड्यांत आजच्यासारखी कारणं फारशी नसत, कित्येकदा प्रकरण दिव्य करायला लावून मिटे, हे खरं. पण कोण काय म्हणालं हे निवाडा देणाऱ्याच्या तोंडी जाऊ नये, याची शिस्त त्या लिखाणात पक्की होती. त्याहून जुनी परंपरा मीमांसकांची: विषय, संशय, पूर्वपक्ष, उत्तरपक्ष, निर्णय. पूर्वपक्ष ताकदीने मांडायचा, पण तो सिद्धान्त नव्हे हे वाचणाऱ्याला क्षणभरही विसरू द्यायचं नाही. ऑल्गा टेलिसमधला महापालिकेचा युक्तिवाद पूर्वपक्ष म्हणून लिहून पाहा. तो न्यायालयाच्या नावावर जाण्याची शक्यताच उरत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत सूक्ष्म आहे. न्यायाधीशाने स्वतः मिसळून लिहिलेलं तुम्ही वेगळं करता, म्हणजे तुमचा अर्थ त्याच्यावर लादता. धोका आहे, नाकारत नाही. त्यावर उपाय साधा आहे: सारांशातल्या प्रत्येक पायरीपुढे मूळ निकालपत्रातल्या परिच्छेदाचा क्रमांक लिहा. कोणाला शंका आली तर तो उघडून बघेल. एकसलग कहाणीतही सारांशकाराचा अर्थ असतोच, पण तो कुठे घातला गेला हे कळायला मार्ग नसतो.

आणखी एक गोष्ट वेगळी ठेवायला हवी, ती म्हणजे आदेश. निकालाच्या शेवटी न्यायालयाने सांगितलं की १९७६ च्या गणनेत नोंद झालेल्यांना मालवणी किंवा सोयीच्या दुसऱ्या ठिकाणी पर्यायी जागा द्यावी, आणि वीस वर्षांहून जुन्या, सुधारलेल्या वस्त्या सार्वजनिक कामासाठी लागल्याशिवाय हटवू नयेत. विद्यार्थी यातून 'पुनर्वसनाशिवाय हटवता येत नाही' हा नियम काढतात. पण पर्यायी जागा ही हटवण्याची पूर्वअट नाही, हे निकालपत्रात त्याच वाक्यात लिहिलं आहे. शिवाय या तरतुदी राज्य सरकारने न्यायालयापुढे दिलेल्या आश्वासनांवर आधारलेल्या होत्या, कारणमीमांसेच्या पायऱ्यांतून त्या निघत नाहीत. पुढे १९८८ मध्ये, दिल्लीतल्या फुटपाथवरच्या एका स्टॉलच्याच प्रकरणात, गुरनाम कौर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की संमतीने आणि कारणं न देता झालेला आदेश पूर्वनिर्णय म्हणून बंधनकारक नसतो. ज्याच्या टिपणात आदेश आणि कारणमीमांसा एकाच परिच्छेदात आहेत, त्याला गुरनाम कौर वाचून काही उलगडणार नाही.

सारांश नीट झाला की नाही हे तपासायची माझी एक पद्धत आहे. हकीकतीचं पान झाकायचं आणि फक्त कारणमीमांसेवरून एक बदललेला प्रसंग सोडवायला द्यायचा. उदाहरणार्थ, झोपडी फुटपाथवर नसून मालकाच्या स्वतःच्या जमिनीवर आहे, फक्त बांधकामाला परवानगी नाही. महापालिका सकाळी यंत्र घेऊन आली. ऑल्गा टेलिस लागू होतो का? कहाणी पाठ केलेला विद्यार्थी गरिबीपासून सुरुवात करतो. पायऱ्या लिहिलेला विद्यार्थी निर्णायक वस्तुस्थितीकडे जातो, 'सार्वजनिक रस्ता' हा शब्द खोडतो, आणि मग कुठल्या पायऱ्या टिकतात ते मोजतो: जागा गेल्याने उपजीविका जात असेल तर दुसरी आणि चौथी टिकतात, पाचवी कलम बदलल्यामुळे नव्याने पाहावी लागते, आणि सहाव्या पायरीतलं 'फुटपाथ चालणाऱ्यांसाठी' हे कारण गळतं, त्यामुळे ऐकून घेण्याचा आग्रह उलट अधिक बळकट होतो. याच विद्यार्थ्याच्या हाती नोव्हेंबर २०२४ चा, पाडकामाआधी पंधरा दिवसांची नोटीस द्यायला सांगणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल दिला, की तो आधी एकच गोष्ट शोधतो: रस्ता आणि फुटपाथ यांचं काय? त्या निर्देशांतून रस्ता, फुटपाथ अशा सार्वजनिक जागांवरची अनधिकृत बांधकामं वगळलेली आहेत, हे वाक्य त्याला पहिल्या वाचनातच सापडतं.